नाक उघडलं, पण वास आला नाही

वेळ अमावस्येला आम्ही लातूरजवळच्या माहेरच्या शेतात होतो. दहा-बारा दिवसांपूर्वी धरलेलं पडसं उतरलं होतं आणि नाक मोकळं झालं होतं. आईनं ताटात गरम भज्जी वाढली, शेजारी आंबिलीचा गडवा ठेवला. मी पहिला घास घेतला. मीठ लागलं, तिखट लागलं, आंबील आंबट लागली. पण भज्जीतले ओले दाणे, मेथी, आंबिलीतला लसूण यांतलं काहीच नव्हतं. जिभेवर नुसता मऊ, गरम गोळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीसमोर बसून मी शेंगदाणे भाजत होते, तेव्हा आई ओसरीतून ओरडली, "अगं, शेंगा जळायल्यात की!" दाणे काळे पडले होते, धूरही होता, आणि तो माझ्या नाकातून जात असूनही मला कळला नव्हता.

जिभेला कळतात त्या चवी मोजक्या: गोड, खारट, आंबट, कडू आणि मटणाच्या रश्श्यात असते तशी भरीव चव. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो तो बहुतेक वासच असतो. घास चावताना तो घशाच्या मागून नाकात चढतो. त्यामुळे वास गेलेला माणूस "तोंडाला चव नाही" असंच सांगतो. मीही तेच सांगत होते.

सर्दीत नाक चोंदलं की वास जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात काळजीचं काही नसतं, कारण वाट बंद असते आणि सूज उतरली की ती उघडते. माझं तसं नव्हतं. वाट उघडी होती, तरी आत पोचल्यावर काही घडत नव्हतं. लातूरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं नाक तपासलं. मांस वाढलेलं नव्हतं, पू नव्हता. विषाणूनं वास ओळखणाऱ्या पेशींच्या थराला इजा केली आहे, असं त्यांनी समजावलं. नाकपोकळीच्या अगदी वर, छताला, अस्तराचा एक लहानसा पट्टा असतो आणि त्यातच वासाच्या मज्जातंतूंची टोकं असतात. हे तंतू चाळणीसारख्या हाडाच्या बारीक छिद्रांतून थेट मेंदूत जातात. शरीरातले बहुतेक मज्जातंतू मेले तर परत येत नाहीत, पण हे येतात. तळाशी असलेल्या पेशींतून नवे तयार होतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि काही जणांना पूर्ण वास परत मिळत नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. सर्दीशिवाय वास गेला, डोक्याला मार लागल्यावर गेला, किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येऊ लागलं तर मात्र वाट पाहू नये, असं त्यांनी बजावलं.

नांदेडला परतल्यावर एक चूक रोज होत होती. बाम हुंगला की नाकात गार वाटे आणि मला वाटे, आला वास! तो वास नव्हता. पुदिन्याचं सत्त्व, कापूर, निलगिरी, मिरचीची धग यांचा गारवा आणि झोंबणं चेहऱ्याच्या वेगळ्याच मज्जातंतूतून कळतं. तो तंतू सर्दीत शाबूत राहतो. ओळखण्याची एक युक्ती आहे. डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानं बाटली एकाच नाकपुडीपाशी धरायची. कोणत्या बाजूला धरली हे सांगता आलं तर ते झोंबणं किंवा गारवा आहे, कारण नुसता वास कोणत्या नाकपुडीतून आला हे धडधाकट माणसालाही सांगता येत नाही. जावेनं निलगिरी धरली, मी दर वेळी बरोबर बाजू सांगितली. गुलाबाचं अत्तर धरलं, तर काही धरलंय हेच कळेना.

मग सराव सुरू केला. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडली. 1916 साली हान्स हेनिंग यांनी वासांचे मूळ गट पाडले होते. त्यांतले चार घेऊन हुमेल यांनी प्रत्येकाचा एक नमुना निवडला: फुलाचा गुलाब, फळाचं लिंबू, मसाल्याची लवंग, चिकाची निलगिरी. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. त्यांच्या अभ्यासात सराव करणाऱ्यांचा वास न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, पण सगळ्यांना गुण आला नाही.

मी रुंद तोंडाच्या चार काचेच्या बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा, त्यावर तेलाचे काही थेंब, झाकण घट्ट, वर चिठ्ठी. तेल नाकात घालायचं नाही. सकाळी चहाआधी आणि रात्री जेवणानंतर एकेक बाटली वीसेक सेकंद हुंगायची, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. जोरात ओढायचं नाही, छोटे हलके श्वास घ्यायचे. आणि चिठ्ठी वाचून तो वास मनात आठवायचा: देवघरातला गुलाब, चिरलेलं लिंबू, दाढेखाली धरलेली लवंग. हे आठवणं मला सुरुवातीला फार जड गेलं. काही मिळत नसताना मन लावून हुंगायचं म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखं होतं. वहीत पहिले तीन आठवडे गुलाबापुढे शून्य, लिंबापुढे शून्य आहे. चौथ्या आठवड्यात लवंगेपुढे लिहिलंय, "काहीतरी गोडसर, क्षणभर."

या काळात स्वयंपाक झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा नियम मी पाळला. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि तेच मला कळणार नव्हतं. दूध नासलंय का हे मुलगी बघायची.

मार्चमध्ये खरी घबराट झाली. शेजारच्या वहिनी काळ्या मसाल्यासाठी कांदा-खोबरं भाजत होत्या. खिडकीतून आलेला वास जळक्या रबराचा, सडक्याचा होता. मला उमासा आला. कॉफी, भाजलेले शेंगदाणे, फोडणीतला लसूण, सगळ्यांना तोच एक घाण वास. काही बिघडलं म्हणून मी फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, "नवे तंतू जोडले जातायत. अजून अर्धेच आहेत." माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि प्रत्येक पदार्थाचा वास म्हणजे त्यांतल्या अनेकांचा मेळ. थोडेच जागे झाले की मेळ बिघडतो, असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे. आपल्या स्वयंपाकात हे जास्त का छळतं, याचं उत्तर इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या 2022 च्या एका कामात आहे. कॉफीच्या वासातले घटक वेगळे करून त्यांनी रुग्णांना हुंगवले, तेव्हा भाजताना तयार होणारी गंधकयुक्त आणि तशीच काही तीव्र द्रव्यं मुख्य दोषी निघाली. ती अगदी थोडीही पुरतात. आणि मराठवाड्याचं स्वयंपाकघर तर भाजण्यावर उभं आहे: येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मी महिनाभर थंड झालेली भाकरी, दही, काकडी, लिंबू पिळलेला साधा वरणभात यांवर राहिले. थंड अन्नातून वास कमी उठतो, त्यामुळे घास खाली उतरत होता. सराव थांबवला नाही, फक्त लवंग सोसेना तेव्हा तिची बाटली नाकापासून जरा लांब धरली.

एप्रिलच्या शेवटी लिंबू लिंबासारखं आलं, कधी पूर्ण, कधी पातळ. गुलाब सगळ्यांत उशिरा आला. कांद्याच्या फोडणीला अजून एक कडवट, परकी किनार आहे.

पहिले तीन महिने झाल्यावर बाटल्या बदलल्या. वास पालटत गेलेल्यांना अधिक लाभ झाल्याचं तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यात दुसऱ्या संचात पुदिन्याचं सत्त्व, थाइम, मँडरीन संत्रं आणि चमेली होती. थाइमचं मुख्य सत्त्व आपल्या ओव्यात भरपूर असतं, म्हणून मी ओवा चुरडून घेतला. चमेलीऐवजी मोगरा, आणि बाकी पुदिना आणि संत्र्याची साल. पुदिन्याच्या बाटलीपुढे मी दोन रकाने केलेत, एक गारव्याचा, एक वासाचा. गारव्याचा पहिल्या दिवशीच भरला. वासाच्या रकान्यात काल रात्री 'थोडा' असं लिहिलं.