एक प्रश्न, एक कागद, पंधरा मिनिटे

अंग दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांच्या रक्ताच्या तपासण्या ठीक येतात आणि मूळ दुखणे नैराश्याचे निघते. ते हेरायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी उपयोगी पडते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, त्यावर शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहा किंवा जास्त आली, की नैराश्याची शक्यता धरून नीट विचारपूस करायची. पण बाहेर रांग उभी असताना समुपदेशनाला तासभर कुठून आणायचा?

'समस्या निराकरण उपचार' अशाच वेळेसाठी आहे. ऑक्सफर्डमधील मायनर्स-वॉलिस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की फॅमिली डॉक्टरांकडच्या नैराश्याच्या रुग्णांना अशा सहा बैठकांनी अमिट्रिप्टिलिन या गोळीइतकाच गुण येतो. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित साध्या समुपदेशकांकरवी सहा ते आठ बैठका दिल्या. त्यांचा भर रुग्णाला पुन्हा कामाला लावण्यावर होता, पण समस्या सोडवण्याचे तंत्रही त्यात होते. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीच्या उपचारावरचे ३९ टक्के.

यामागचा विचार साधा आहे. नैराश्यात अडचणींचा गुंता होतो आणि 'माझ्या हातात काहीच नाही' असे वाटू लागते. त्यातला एक धागा रुग्णाने स्वतः सोडवला, की हा समज सैल होतो.

कागद असा असतो, आणि तो केसपेपरच्या मागच्या बाजूवरही मावतो:

१. माझी अडचण (एका वाक्यात)
२. दोन आठवड्यांत काय बदलायला हवे?
३. काय काय करता येईल? (किमान तीन गोष्टी)
४. प्रत्येकाचा फायदा आणि त्रास
५. मी निवडले ते
६. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या मदतीने?
७. काय घडले?

एक उदाहरण पाहू. ते अनेक रुग्णांवरून बांधले आहे. लोणंदच्या बाजारात कांदा निवडायला जाणारी चाळिशीतली बाई. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून ती घरीच आहे. पीएचक्यू-९चे गुण १३. अडचण विचारली तर म्हणाली, "घरचं सगळंच अवघड झालंय." हे वाक्य कागदावर चालत नाही, कारण त्यावर काही करता येत नाही. 'सगळ्यात जास्त काय खुपतं?' असे विचारत गेल्यावर उत्तर आले, "सकाळी सासूबाईंपाशी कोणी नसतं, म्हणून मजुरी बुडते." लक्ष्य ठरले: आठवड्यातून दोन सकाळी कामावर जाणे. पहिली भेट इथेच संपली. तिसरा रकाना तिने घरी भरायचा.

पुढच्या भेटीत तीन पर्याय आले: नणंदेला बोलावणे, शेजारणीला थोडे पैसे देऊन बसवणे, नवऱ्याने दोन दिवस उशिरा निघणे. नणंद लांब राहते, पैसे परवडत नाहीत. तिने तिसरा पर्याय निवडला आणि 'रविवारी रात्री जेवणानंतर त्यांच्याशी बोलणार' असे लिहिले. नवरा एकाच दिवसाला तयार झाला. सातव्या रकान्यात हेही लिहिले, आणि दुसऱ्या दिवसासाठी कागद पुन्हा तिसऱ्या रकान्यापासून सुरू झाला. सहा आठवड्यांनी तिचे गुण ६ होते. सासूबाईंचे आजारपण तसेच होते.

हा उपचार बहुधा तीन ठिकाणी फसतो. 'नवऱ्याने दारू सोडावी' असे लक्ष्य दुसऱ्याच्या हातात असते. ते 'मी कोणाशी, कधी बोलेन' असे बदलावे लागते. सहाव्या रकान्यात वार आणि वेळ नसेल, तर बेत कागदावरच राहतो. तिसरी चूक डॉक्टरांची असते. आपणच उपाय सांगितला, तर रुग्ण मान डोलावतो आणि पुढच्या भेटीत सातवा रकाना कोरा येतो. तिसऱ्या रकान्यातली भाषा रुग्णाची आहे की आपली, हे वाचले की चूक कळते.

प्रत्येक दुखण्याला मात्र हा कागद पुरत नाही. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्याला शून्याहून जास्त गुण आले, तर कागद बाजूला ठेवून आधी त्याबद्दल स्पष्ट विचारायचे. भास होत असतील, पूर्वी अतिउत्साहाचे झटके आले असतील किंवा अन्नपाणी सुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे. मारहाण होणाऱ्या बाईला 'तू काय बदलशील' हा प्रश्न विचारायचा नसतो. तिला आधी सुरक्षितता हवी. गोळ्या चालू असतील, तर कागदासाठी त्या बंद करू नयेत. दोन्ही सोबत चालतात.

रात्री-अपरात्री मन फार ढासळले, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक कोणत्याही वेळी लागतो. तो कागदाच्या तळाशी लिहून द्यावा.