महागाईशी जोडलेले रोखे

पुणतांब्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने 7 टक्क्यांच्या साध्या सरकारी रोख्यात 1 लाख रुपये गुंतवले, तर व्याज ठरल्याप्रमाणे मिळत राहील. पण महागाई दरवर्षी 6 टक्के राहिली, तर दहा वर्षांनी परत आलेल्या लाखात आजच्या जेमतेम 56 हजारांचा माल येईल.

रिझर्व्ह बँकेने जून 2013 मध्ये 1.44 टक्के व्याजाचे महागाई-निर्देशांकित रोखे विकले. व्याज तुटपुंजे वाटते, पण इथे मुद्दलच निर्देशांकाबरोबर वाढते. निर्देशांक वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी लाखाचे सुमारे 1 लाख 79 हजार होतात आणि व्याजही त्या वाढलेल्या मुद्दलावर मिळते. निर्देशांक घसरला, तरी मुदतीअखेर मूळ रक्कम सुरक्षित असते.

खरी मेख निर्देशांकाच्या निवडीत होती. हे रोखे घाऊक किमतींना जोडलेले होते. 2015 मध्ये कच्चे तेल स्वस्त झाल्याने घाऊक निर्देशांक उतरला, किरकोळ महागाई मात्र चालूच राहिली. किराण्याचे बिल वाढत असताना मुद्दल वाढेना. म्हणून असा रोखा घेताना व्याजदराआधी तो कोणत्या निर्देशांकाला बांधला आहे, ते पाहावे. डिसेंबर 2013 मध्ये सामान्य बचतदारांसाठी आलेले रोखे किरकोळ निर्देशांकाला जोडले होते, आणि माझ्या मते तेच घरखर्चाच्या अधिक जवळचे होते.