स्टार्टअपचा पाच वर्षांचा महसुलाचा अंदाज कसा तपासायचा? कामठीच्या एका प्लॅनवरून समजून घेऊ

नवीन स्टार्टअपचा बिझनेस प्लॅन उघडला की शेवटच्या पानांवर एक एक्सेल शीट हमखास असते: पाच वर्षांचा महसुलाचा अंदाज. पहिल्या वर्षी काही लाख आणि पाचव्या वर्षी काही कोटी. मी असे प्लॅन नेहमी वाचतो. शीटमधली बेरीज-गुणाकार बहुतेक वेळा बरोबर असतात. चूक असते ती त्यांच्या मागे गृहीत धरलेल्या गोष्टींत. त्या ओळखायला सीए असण्याची गरज नाही, कॅल्क्युलेटर आणि थोडा संशय पुरतो.

मध्यंतरी कामठीच्या दोन तरुणांनी मला त्यांचा प्लॅन दाखवला. किराणा दुकानांसाठी बिलिंग आणि उधारीचं खातं सांभाळणारं ॲप, दुकानदाराकडून महिन्याला 300 रुपये. आधी कामठी, मग पूर्ण नागपूर जिल्हा. त्यासाठी 20 लाखांचं कर्ज काढायचं होतं आणि तारण म्हणून घर ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे हे आकडे फक्त गुंतवणूकदाराला खूश करण्यासाठी नव्हते, त्यांच्यावर घर टांगलेलं होतं. त्यांच्या परवानगीने, आकडे गोल करून आणि ओळख न देता, हे उदाहरण इथे घेतो.

प्लॅन काय म्हणत होता?

- पहिलं वर्ष: 200 दुकानं, 7.2 लाख रुपये
- दुसरं वर्ष: 1,000 दुकानं, 36 लाख
- तिसरं वर्ष: 4,000 दुकानं, 1.44 कोटी
- चौथं वर्ष: 12,000 दुकानं, 4.32 कोटी
- पाचवं वर्ष: 30,000 दुकानं, 10.8 कोटी

खर्चाच्या शीटमध्ये सेल्सची मुलं अनुक्रमे 2, 4, 6, 9 आणि 12 होती. इथेच पहिली खूण दिसते. पाच वर्षांत महसूल 150 पट वाढतोय आणि तो आणणारी माणसं फक्त 6 पट. महसूल आणि खर्च या दोन शीट शेजारी ठेवून बघायच्या. त्या एकमेकींशी बोलत नसतील, तर महसुलाचा आकडा कामातून आलेला नाही, तो आधी ठरवून लिहिलेला आहे.

पायरी 1: शेवटचा आकडा जमिनीवर आणून बघा

30,000 दुकानं म्हणजे किती, हे नुसतं वाचून कळत नाही. म्हणून लोकसंख्येने भागायचं. 2011 च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 46.5 लाख होती. भागाकार केला तर दर 155 माणसांमागे एक दुकान येतं. तेही नुसतं दुकान नाही, तर यांच्याच ॲपला दरमहा पैसे देणारं दुकान.

आता हेच प्रमाण कामठीला लावू. कामठी नगरपरिषदेची त्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे 87 हजार. म्हणजे एकट्या कामठीत साधारण 560 दुकानदार पैसे देणारे हवेत. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे हे धरलं तरी चित्र फारसं बदलत नाही. आणि हा आकडा पायी फिरून तपासता येतो. मी त्यांना म्हटलं, "दोन दिवस फिरा, दुकानं मोजा. त्यातल्या किती जणांकडे स्मार्टफोनवर हिशेब ठेवण्याइतका धंदा आहे, तेही लिहा."

"बाजार इतक्या कोटींचा आहे, आम्हाला फक्त 1 टक्का हवा" हे वाक्य प्लॅनमध्ये दिसलं की असाच भागाकार करा. टक्का लहान वाटतो, पण त्या टक्क्यामागची माणसं मोजली की त्याचं खरं वजन कळतं.

पायरी 2: ग्राहक कोणत्या तारखेला आला?

पहिल्या वर्षाचे 7.2 लाख कसे आले? 200 गुणिले 300 गुणिले 12. म्हणजे सगळी 200 दुकानं 1 एप्रिललाच जोडली गेली आणि त्यांनी बारा महिने पैसे दिले, असं धरलंय. प्रत्यक्षात दुकानं हळूहळू येतात. मार्चमध्ये आलेल्याने त्या वर्षी एकच महिना पैसे दिलेले असतात. दर महिन्याला सारखीच दुकानं जोडली गेली, तर वर्षाचा महसूल जवळपास अर्धाच भरतो. वर्षअखेरच्या ग्राहकांना थेट 12 महिन्यांनी गुणलेलं दिसलं, तर अंदाज फुगलेला आहे असं समजा.

पायरी 3: 300 रुपयांतले आपले किती?

सॉफ्टवेअर सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. दुकानदाराच्या खिशातून 300 च जाणार असतील, तर कर वजा जाता हाती 254 रुपये उरतात. बाकीचा पैसा सरकारचा, तो महसुलात धरता येत नाही.

"मग जीएसटी वरून लावू," असं उत्तर येतं. पण जीएसटीत नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्याच्यासाठी किंमत सरळ 354 होते. शिवाय खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारख्या ॲप्सनी उधारीचं खातं मोफत देऊन दुकानदारांना सवय लावून ठेवली आहे. तिथे किंमत वाढवणं वाटतं तितकं सोपं नाही.

पायरी 4: गळती, सगळ्यात महत्त्वाची

शीटमध्ये एकदा आलेला ग्राहक पाच वर्षं तसाच राहिला होता. पण त्यांच्याच चाचणीच्या वहीत वेगळी गोष्ट होती. 50 दुकानांनी पैसे भरून सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी 44 उरली. म्हणजे महिन्याला साधारण 4 टक्के गळती. 4 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण बारा महिने सलग गळत राहिले तर 100 पैकी 61 च दुकानं उरतात.

त्याच वहीत दुसरा उपयोगी आकडा होता: 1,000 दुकानांना भेटी दिल्यावर 50 जण तयार झाले. वीसमागे एक. एक मुलगा दिवसाला 8 दुकानं करतो, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 200 भेटी. त्यातून 10 नवी दुकानं.

आता फक्त एक भागाकार करायचा: दरमहा येणारे नवे ग्राहक भागिले गळतीचा दर. याला मी छत म्हणतो. पाचव्या वर्षी 12 मुलं महिन्याला 120 दुकानं आणतील. 120 भागिले 0.04 म्हणजे 3,000. ग्राहक 3,000 झाले की त्याचे 4 टक्के, म्हणजे 120 दुकानं दर महिन्याला सोडून जातात आणि तितकीच नवी येतात. टाकीला खाली भोक असेल तर नळ कितीही वेळ चालू ठेवा, पाणी एका पातळीवर थांबतं, तसंच हे. 12 मुलांच्या जोरावर ही कंपनी पाच काय, पंधरा वर्षांतही 30,000 पर्यंत पोहोचत नाही.

उलट बाजूनेही बघू. पाचव्या वर्षी 12,000 वरून 30,000 वर जायचं असेल, तर गळती भरून काढत महिन्याला सुमारे 2,340 नवी दुकानं जोडावी लागतील. त्यासाठी 234 मुलं लागतात. पगार आणि पेट्रोल मिळून एकाला 18,000 धरले, तरी वर्षाला पाच कोटींहून जास्त खर्च. शीटमध्ये त्याचा पत्ताच नव्हता.

पायरी 5: शीट महिन्यावर आणा

पाच ओळींचा वार्षिक तक्ता या सगळ्या गोष्टी लपवतो. म्हणून 60 महिन्यांच्या 60 ओळी करा. B मध्ये महिन्याच्या सुरुवातीची दुकानं, C मध्ये नवी दुकानं आणि D मध्ये महिनाअखेरची:

```
D2: =B2*0.96+C2
B3: =D2
E2: =D2*254
```

हे खालपर्यंत ओढा आणि E ची दर बारा ओळींची बेरीज करा. मुलांची संख्या त्यांच्याच खर्चाच्या शीटमधली ठेवली, तर असं येतं:

- पहिलं वर्ष: 194 दुकानं, सुमारे 3.4 लाख
- दुसरं वर्ष: 506 दुकानं, 11.4 लाख
- तिसरं वर्ष: 891 दुकानं, 22 लाख
- चौथं वर्ष: 1,417 दुकानं, 36.5 लाख
- पाचवं वर्ष: 2,030 दुकानं, 54 लाख

10.8 कोटींच्या जागी 54 लाख, म्हणजे विसावा हिस्सा. गंमत बघा, पहिल्या वर्षाचा दुकानांचा आकडा जवळपास बरोबरच होता, कारण तो त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिला होता. पुढची वर्षं मात्र आधीच्या आकड्याला पाच, चार, तीन, अडीच असं गुणत भरलेली होती.

मग या आकड्यांवरून निर्णय काय?

20 लाखांच्या कर्जाला 11 टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे 43,500 येतो, वर्षाला 5.2 लाख. नव्या शीटप्रमाणे पहिल्या वर्षी महसूल 3.4 लाख, तर नुसते सेल्सच्या मुलांचे पगार 4.3 लाख. दुसऱ्या वर्षी 11.4 लाखांतून पगाराचे 8.6 लाख गेले की हप्ता भरायलाही पैसे पुरत नाहीत. सर्व्हरचं भाडं आणि दोघांचं घरखर्चाचं मानधन तर अजून धरलेलंच नाही. तारण ठेवलेलं घर पहिल्या दोन वर्षांतच धोक्यात येतं.

पण धंदा वाईट आहे का? नाही. एक दुकान जोडायला 1,800 रुपये लागतात. 4 टक्के गळतीत दुकान सरासरी 25 महिने टिकतं आणि तेवढ्यात 6,350 रुपये देतं. हिशेब जमतो, फक्त धंदा लहान आहे आणि त्याला 20 लाखांचं कर्ज झेपत नाही. दोघांनी कर्जाचा अर्ज बाजूला ठेवला. नोकरी न सोडता कामठीतच 200 दुकानं आणि गळती 2 टक्क्यांवर, हे पहिलं लक्ष्य ठरवलं.

या पद्धतीची मर्यादा

50 दुकानांवरून काढलेला 4 टक्के हा कच्चा अंदाज आहे. सुरुवातीला गळती जास्त असते, टिकलेले ग्राहक पुढे कमी सोडतात. म्हणून शीट 2, 4 आणि 6 टक्के अशा तिन्ही दरांनी चालवून बघा. 2 टक्क्यांना छत 6,000 वर जातं. तेही 30,000 च्या पाचव्या भागाइतकंच. दुसरीकडे, जवळची दुकानं संपली की वीसमागे एकही मिळणं अवघड होतं, हेही लक्षात ठेवा. एक आकडा थोडा बदलल्यावर निष्कर्ष उलटत असेल, तर आधी तो आकडा नीट मोजा. आणि तीनही दरांना निष्कर्ष तोच राहत असेल, तर त्या प्लॅनवर घर तारण ठेवू नका.