टाकीत ६०, परतीला ५०

तेलीबांध्यातल्या आमच्या इमारतीत गच्चीवर गरम पाण्याची सामाईक टाकी आहे. वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवा, असं काहीजण म्हणतात. पण लिजिओनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांतच वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात यानेच न्यूमोनिया पसरला होता.

म्हणून टाकीत ६० अंश हवेत. पंप पाणी फिरवून टाकीत परत आणतो. प्रत्येक उभ्या लाइनीच्या परतीच्या पाइपवर तापमान मोजा. एखादीवर ५० पेक्षा कमी आलं, तर त्या लाइनीत पाणी पुरेसं फिरत नाही किंवा पाइपवरचं आवरण निघालंय.

६० अंशांचं पाणी भाजतं. म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह नळाजवळ बसवा. टाकीपाशी बसवला तर सगळ्या पाइपांत कोमट पाणीच राहील.