फुकट तिकिटाचं बिल

कार्डावर लाखभर पॉइंट साठले की लंडनला मुलीकडे फुकटात जाण्याचे बेत शिजू लागतात. मग शोध सुरू होतो आणि मे महिन्यातल्या एकाही तारखेला माइल्सवर सीट मिळत नाही. गंमत म्हणजे त्याच विमानात रोख पैसे मोजणाऱ्याला हवी तेवढी तिकिटं मिळत असतात.

विमान कंपन्या माइल्सच्या सीट वेगळ्या मोजून ठेवतात. ज्या रोखीने विकल्या जाणार नाहीत असं वाटतं, त्याच बहुतेक इकडे सोडल्या जातात, त्यामुळे सुट्टीच्या हंगामात हा कोटा आटतो. ब्रिटिश एअरवेज आपल्या सीट उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी खुल्या करते. मेमधला प्रवास हवा असेल, तर आदल्या मेपासूनच डोळे उघडे ठेवावे लागतात.

म्हणून आधी सीट शोधायची आणि मगच बँकेतले पॉइंट एव्हिऑसमध्ये, म्हणजे या कंपनीच्या माइल्समध्ये, वळवायचे. हा व्यवहार सहसा उलटा फिरत नाही. कधी पॉइंट पोचायला काही दिवस लागतात, तोवर सीट दुसऱ्याने घेतलेली असते. अशा वेळी एक सोय मात्र आहे: एव्हिऑस कतार एअरवेज, फिनएअर, इबेरिया यांच्या खात्यांतही हलवता येतात.

सीट मिळाली तरी पैसे द्यावे लागतातच. भाड्याच्या तपशिलात `YQ` किंवा `YR` दिसलं, तर तो कर नव्हे. तो विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. `GB` मात्र खरा सरकारी कर, ब्रिटनमधून उड्डाण करणाऱ्यावर लागणारा. मुंबईहून निघताना तो नसतो, परतताना असतो. बिझनेस क्लासमध्ये तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त, तर इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालच्या मुलांना माफ.

आता हिशेब. आकडे केवळ नमुन्याचे. जाऊन-येऊन इकॉनॉमीचं तिकीट रोखीने ६२,००० रुपयांना आहे. तेच ५०,००० एव्हिऑस आणि वर ३०,००० रुपये देऊन मिळतं. म्हणजे वाचले ३२,०००. बँक दोन पॉइंटांना एक एव्हिऑस देत असेल, तर त्यासाठी लाख पॉइंट खर्ची पडले, प्रत्येकी ३२ पैशांनी. आणि तीच बँक स्वतःच्या पोर्टलवर तिकीट काढताना पॉइंटाला ५० पैसे धरत असेल, तर तिथे १,२४,००० पॉइंटांत सगळं तिकीट निघतं, खिशातून काहीच जात नाही.

बिझनेस क्लासमध्ये चित्र बदलतं. रोख भाव २,८०,००० रुपये आणि माइल्सचा १,६०,००० एव्हिऑस अधिक ६०,००० रुपये धरला, तर त्याच पॉइंटाला जवळपास ६९ पैसे पडतात. फक्त त्यासाठी ३,२०,००० पॉइंट हवेत, शिवाय बिझनेसमधली मोकळी सीटही.