आधी कारण मागा, मग उत्तर द्या

मार्च महिन्यात प्राप्तिकर खात्याच्या नोटिसा जास्त येतात, कारण मागच्या वर्षांच्या अनेक मुदती ३१ मार्चला संपतात. ‘तुमचे अमुक वर्षाचे उत्पन्न करातून निसटले आहे असे दिसते, ते प्रकरण पुन्हा का उघडू नये, ते कळवा’ अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचे कागद शोधताना माणूस गडबडतो आणि घाईघाईत जे आठवेल ते लिहून पाठवतो. नुकसान बहुतेक वेळा या घाईत होते. खात्याकडे तुमच्याबद्दल नेमकी कोणती माहिती आहे, हे कळल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये.

एक नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला १२ मार्च २०२५ ची नोटीस आली. वर्ष होते करनिर्धारण वर्ष २०२०-२१, म्हणजे एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या काळातले उत्पन्न. सोबतच्या तक्त्यात एकच ओळ होती: ‘स्थावर मालमत्तेची विक्री, रुपये ७२,००,०००’. उत्तराची मुदत २० मार्च. त्या वर्षी वडिलांच्या नावचा प्लॉट विकला होता, एवढे बाईंना आठवत होते. ‘हो, विकला, पण कर भरला होता’ असे चार ओळींचे पत्र त्यांनी लिहूनही ठेवले होते. त्यांच्या करसल्लागाराने ते थांबवले. “बाई, बहात्तर लाख हा आकडा कुठून आला, ते आधी त्यांच्याकडूनच लेखी घेऊ. तोवर आपण काहीच कबूल करायचे नाही.”

हा हक्क न्यायालयाने स्पष्ट केला आणि पुढे कायद्याने तो आणखी पुढे नेला. पूर्वी अधिकाऱ्याला उत्पन्न निसटल्याची कारणे आधी नोंदवावी लागत आणि मगच नोटीस काढता येई. पण ती कारणे त्याच्या फायलीत राहत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स’ प्रकरणात क्रम ठरवून दिला: करदात्याने विवरणपत्र भरावे आणि कारणे मागावीत, अधिकाऱ्याने ती वाजवी वेळात द्यावीत, करदात्याने हरकत घेतली, तर त्या हरकतीवर कारणांसह स्वतंत्र आदेश काढावा. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने ‘हिंदुस्थान लिव्हर’ प्रकरणात सांगितले की, कारणे जशी नोंदवली आहेत तशीच वाचायची, मागाहून त्यात भर घालता येत नाही.

एप्रिल २०२१ पासून कलम १४८अ आले आणि विचारणा मूळ नोटिशीच्या आधी होऊ लागली. १ सप्टेंबर २०२४ पासून या कलमाच्या सुधारित रूपात स्पष्ट लिहिले आहे की, ज्या माहितीवरून उत्पन्न निसटल्याचे दिसते, ती माहिती कारणे दाखवा नोटिशीसोबतच द्यायची. पूर्वीची ‘नोंदवलेली कारणे’ आता ‘माहिती’ या नावाने आधीच हातात यायला हवीत. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख असली, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात.

अडचण अशी की, माहिती म्हणून अनेकदा बाईंना मिळाली तशी एकच ओळ येते. व्यवहाराची तारीख नाही, दस्ताचा क्रमांक नाही, विकणारे कोण तेही नाही. अशा वेळी नोटीस मिळाल्यावर एक-दोन दिवसांत, पोर्टलवरील e-Proceedings मधूनच मागणी नोंदवावी. बाईंच्या पत्रातला मुख्य भाग असा होता:

‘नोटिशीसोबत दिलेल्या तक्त्यात केवळ एकूण रक्कम आहे. कृपया या माहितीचा स्रोत, दस्ताचा क्रमांक व दिनांक, त्यातील सर्व विक्रेत्यांची नावे आणि माझे निसटलेले उत्पन्न किती व कसे काढले, हे कळवावे. संबंधित कागदांच्या प्रती मिळाव्यात आणि त्या मिळाल्यानंतर उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी. माझा याबाबतचा हक्क राखून हे पत्र देत आहे.’

माहिती आली आणि बहात्तर लाखांचा उलगडा झाला. त्या काळात तीस लाख किंवा त्याहून अधिकच्या मालमत्ता व्यवहाराची माहिती निबंधक कार्यालय प्राप्तिकर खात्याला कळवत असे. व्यवहार एकाहून अधिक जणांच्या नावावर असेल, तर कधी कधी पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या नावे दाखवली जाते. प्लॉट बाई आणि त्यांचे भाऊ यांच्या समान मालकीचा होता. इंडेक्स-टूमध्ये दोघांचीही नावे होती. म्हणजे बाईंचा वाटा ३६ लाखांचा. तो त्यांनी विवरणपत्रात दाखवला होता आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर करही भरला होता.

इथे मुदतीचा प्रश्न येतो. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ संपले ३१ मार्च २०२१ ला. तेव्हापासून तीन वर्षांपर्यंत ही कारणे दाखवा नोटीस काढता येते. पुढची दोन वर्षे ती काढायची, तर निसटलेले उत्पन्न पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असल्याचे खात्याच्या माहितीवरून दिसायला हवे. तीन वर्षे ३१ मार्च २०२४ ला संपली होती. बहात्तर लाख धरले, तर नोटीस मुदतीत बसते. छत्तीस लाख धरले, तर बसत नाही. शिवाय विक्रीची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे, नफा तेवढाच उत्पन्न. बाईंच्या उत्तरात हे मुद्दे क्रमाने आले: वाटा निम्मा, तो आधीच दाखवलेला, आणि म्हणून मुदतही संपलेली. सोबत इंडेक्स-टू, विवरणपत्राची प्रत आणि बँकेचा उतारा जोडला. ‘हो, विकला’ एवढेच पाठवले असते, तर बहात्तर लाखांचा आकडा त्यांनीच मान्य केल्यासारखे झाले असते.

माहिती मागितली म्हणून मुदत आपोआप थांबत नाही. माहिती येवो न येवो, ठरल्या दिवशी तोवर हातात असलेल्या कागदांवर आधारित उत्तर पाठवावे आणि ‘माहिती मागितली, पण मिळाली नाही’ हे त्यात लिहावे. गप्प बसलात, तर समोर असलेल्या कागदांवरून अधिकारी आदेश काढू शकतो. प्रकरण उघडण्याच्या आदेशाला वरिष्ठांची मंजुरी लागते, पण त्या आदेशाविरुद्ध थेट अपील नाही. त्या टप्प्यावर रिट याचिकेने उच्च न्यायालयात जावे लागते, किंवा पुढे करआकारणी झाल्यावर अपील करावे लागते. दोन्ही ठिकाणी तुमचे पहिले पत्र आणि त्याची तारीख उपयोगी पडते.

ही मागणी वेळ काढण्यासाठी नाही. वाटा खरेच पन्नास लाखांच्या वर असेल आणि दाखवायचा राहिला असेल, तर माहिती मागून तो लपत नाही. तेव्हा लवकर हिशेब करणे बरे.

नोटीस आली की तीन गोष्टी करा. तिच्यावरचा दस्तऐवज ओळख क्रमांक पोर्टलवर तपासून ती खरी आहे ना, ते पाहा. करनिर्धारण वर्ष कोणते आणि ते संपून किती काळ झाला, ते मोजा. आणि उत्तराचे पहिले वाक्य लिहिण्याआधी, खात्याकडे नेमकी कोणती माहिती आहे, ते लेखी मागा.