बांध कुठे पुसलाय?

मुखेडच्या तहसीलसमोर बसणाऱ्या दस्तलेखकाकडे शेताच्या खरेदीखतासाठी गेलात, तर जमीन काळी आहे की मुरमाड हे तो विचारत नाही. आधी चतुःसीमा सांगा म्हणतो. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणाचं, दक्षिणेला ओढा की गाडीवाट. छातीचा एक्स-रे मला शिकवून झाला होता, पण तो खरा कळला तो ही चतुःसीमा डोक्यात बसल्यावर.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नांदेडला असतो. महिन्यातल्या एखाद्या रविवारी मुखेडला घरी जातो, तेव्हा मेडिकलला असलेली गावातली तीन-चार मुलं येऊन बसतात. कोणी विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात, कोणी लातूरला, कोणी अंबाजोगाईला. अंतिम वर्षाच्या प्रॅक्टिकलला परीक्षक फिल्म पुढे सरकवतो आणि गप्प बसतो, त्या शांततेची त्यांना धास्ती. नीट-पीजीची धास्ती वेगळी. तिथे दोनशे प्रश्न, साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट.

मागच्या खेपेला मी त्यांच्यापुढे एक जुनी फिल्म लावली. अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी, दोन महिन्यांचा खोकला, पूर्वी टीबीची औषधं पूर्ण केलेली. पाच सेकंदांत एकजण म्हणाला, "सर, ओल्ड कॉक्स. राइट अपर झोनला फायब्रोसिस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उत्तर बरोबर होतं. उजवीकडे वरच्या भागात पांढऱ्या दोऱ्या होत्या, श्वासनळी उजवीकडे ओढलेली होती, कोणालाही दिसावं असं. नऊ वर्षांपूर्वी त्या फिल्मच्या रिपोर्टवर मीही तेवढंच लिहिलं होतं, आणि त्या माणसाचा आजार डावीकडे होता.

एक गोष्ट सापडली की डोळा शोध थांबवतो. हा आळस नव्हे, अनुभवी माणसालाही हे होतं. टडनहॅम नावाच्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने 1962 साली फिल्म वाचणाऱ्याच्या चुकांवर लिहिताना याचाच मागोवा घेतला होता. आमच्या धंद्यात याला 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च' म्हणतात. मी मुलांना सांगतो, पहिलं पोट भरलं की माणूस ताटावरून उठतो, मागून पुरणपोळी येणार होती हे त्याला कळतच नाही. लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेल्या पोरांना हा धोका जरा जास्तच, कारण दिसलं की उत्तर, हा वेग त्यांच्या हातात दोन वर्षं मुरलेला असतो. ठरलेल्या क्रमाचा उपयोग इथे आहे. काही सापडलं तरी क्रम पुढे चालूच राहतो.

क्रमातली पहिली पायरी फिल्मचीच तपासणी. नाव, तारीख, उजव्या बाजूची 'R' ही खूण. मग फिल्म कशी काढली ते. रुग्ण उभा, छाती प्लेटला टेकलेली, किरण पाठीकडून, नळी सहा फुटांवर, ही पीए फिल्म. झोपलेल्या रुग्णाची समोरून काढलेली एपी असते, आणि त्यात हृदय आहे त्याहून मोठं दिसतं. त्यामुळे हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून जास्त, म्हणून हृदय मोठं, हे पीए फिल्मवरच म्हणायचं. रुग्ण वळलेला नाही ना, हे पाहायला दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. वळलेला असेल तर एक फुप्फुस उगीच काळं दिसतं आणि श्वासनळी सरकल्याचा भास होतो. श्वास पुरेसा घेतला असेल तर उजव्या पडद्याच्या वर समोरच्या सहा बरगड्या मोजता येतात. आणि किरणांचा जोर पुरेसा असेल तर हृदयाच्या मागे मणके पुसट दिसतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आपली फिल्म त्याच्यावरच अडणार आहे.

वेणी खांद्यावरून पुढे आली तर फुप्फुसाच्या टोकावर टीबीसारखी सावली पडते, गळ्यातला तावीज गाठ होऊन बसतो. तेही याच पायरीवर निपटायचं.

त्यानंतर माझा क्रम मधून बाहेर जातो: श्वासनळी, दोन्ही हायलम, हृदय, पडदा, मग फुप्फुसं, शेवटी हाडं आणि मऊ भाग. इतरांचा क्रम वेगळा असतो, एबीसीडीई म्हणणारेही पुष्कळ आहेत. कुठलाही एक धरा आणि बदलू नका. फुप्फुसं मी मुद्दाम उशिरा ठेवली आहेत, कारण डोळा आपोआप तिकडेच धावतो.

आता चतुःसीमा. हृदयाची कड आपल्याला दिसते ती हृदय पांढरं आहे म्हणून नव्हे, तर त्याला लागून हवेने भरलेलं काळं फुप्फुस आहे म्हणून. त्या फुप्फुसात हवेच्या जागी पू किंवा पाणी भरलं, किंवा ते हवा जाऊन मिटलं, की दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या होतात आणि मधली रेघ पुसली जाते. बेंजामिन आणि हेन्री फेल्सन यांनी 1950 साली याला 'सिल्हूट साइन' हे नाव रूढ केलं. शेतकऱ्याच्या पोराला एवढं सांगितलं तरी पुरतं, की बांध पुसला असेल तर लगतच्या शेतात काहीतरी झालंय. मग प्रश्न फक्त शेजारी कोण एवढाच. हृदयाच्या उजव्या कडेचा शेजारी उजव्या फुप्फुसाचा मधला लोब. डाव्या कडेचा शेजारी लिंग्युला, म्हणजे डाव्या वरच्या लोबचा खालचा तुकडा. दोन्ही पडद्यांचे शेजारी त्या त्या बाजूचे खालचे लोब. उतरणाऱ्या महाधमनीची डावी कड, तिचाही शेजारी डावा खालचा लोब. एवढे पाच बांध पाठ असले की परीक्षेतले बरेच प्रश्न सुटतात.

मी मुलांना म्हटलं, ओल्ड कॉक्स विसरा, क्रमाने चला. फिल्म पीए, वळलेली नाही, श्वास पुरेसा. श्वासनळी उजवीकडे, जुन्या आजाराने ओढलेली. मग हायलम. निरोगी माणसात डावा हायलम उजव्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर असतो, फार तर बरोबरीला. उजवा वर कधी नसतो. या फिल्मवर उजवा बराच वर होता.

"फायब्रोसिसने वर ओढलाय, सर."

"मान्य. पण डावा?"

डावा कुठे असायला हवा याचा अंदाज कोणालाच येईना. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे जुनी फिल्म मागणं. आमच्या शेतकऱ्याने ती खताच्या पिशवीत गुंडाळून आणलेली होती. त्याच्याही सहा वर्षं आधीची. तिच्यात उजवा हायलम तेव्हाही वरच होता, डावा मात्र आपल्या जागी. नव्या फिल्मवर डावा जवळपास एका मणक्याइतका खाली उतरला होता. म्हणजे दोघांना दोन वेगळ्या गोष्टी ओढत होत्या, आणि जुन्या आजाराच्या खात्यावर आम्ही दोन्ही मांडल्या होत्या.

पुढे हृदय. डावी कड शाबूत, म्हणजे लिंग्युला ठीक. पण हृदयाच्या आत, त्या कडेच्या मागे, एक दुसरी सरळ रेघ तिरकी खाली उतरत होती. हृदयाच्या मागे त्रिकोणी शीड उभं करावं तशी. पडदा: उजवा शेवटपर्यंत स्पष्ट. डावा बाहेरून आत येताना हृदयाशी पोचला आणि नाहीसा झाला, मणक्यापर्यंत गेलाच नाही. महाधमनीची कडही खालच्या भागात हरवलेली. दोन बांध पुसलेले, शेजारी एकच. डावा खालचा लोब मिटून हृदयामागे दडला होता. उरलेलं डावं फुप्फुस ती जागा भरायला ताणलेलं, म्हणून जरा जास्त काळं, त्यातल्या रक्तवाहिन्या विरळ. त्या काळेपणालाच मी नऊ वर्षांपूर्वी 'लेफ्ट लंग क्लिअर' असं लिहिलं होतं.

इथे एक सावधगिरी. फिल्मला किरणांचा जोर कमी पडला असेल, तर निरोगी माणसाचाही डावा पडदा हृदयामागे दिसत नाही. श्वास अर्धवट घेतला असेल किंवा झोपवून काढलेली एपी असेल, तर तेच. म्हणून मणके दिसतात का, हे आधी पाहायचं. दिसत असतील आणि पडदा नसेल, जसं या फिल्मवर, तर तो खरंच पुसलाय. शंका राहिली तर बाजूची फिल्म घ्या. तिच्यात वरून खाली येताना मणके अधिकाधिक काळे दिसायला हवेत. खाली पुन्हा पांढरे झाले तर मागच्या लोबमध्ये काहीतरी आहे.

लोब मिटला म्हणजे त्याची वाट बंद झाली. प्रौढात पहिली शंका ब्राँकसमधल्या गाठीची, मग आत अडकलेली वस्तू किंवा घट्ट कफ. एक्स-रे यातलं काय ते सांगू शकत नाही, आणि सांगतो असं परीक्षेत म्हणूही नका. या रुग्णाच्या कफाच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, तरी एका दवाखान्यात टीबीची औषधं पुन्हा सुरू झाली होती, आणि माझ्या रिपोर्टने त्यांना दुजोराच दिला. खोकला हटेना म्हणून तो महिन्याने परत आला, तेव्हा मी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. मग जरा ओशाळून विचारलं, "मामा, मागं कधी जोरात ठसका लागला होता का?"

"दिवाळीच्या आदी लागला होता की. सुपारी खाता खाता हसलो, लई जीव घाबरला. मग ऱ्हायलं."

अशा वस्तू बहुधा उजवीकडे जातात, कारण उजवा ब्राँकस रुंद आणि जास्त सरळ असतो. याची डावीकडे गेली. सुपारी एक्स-रेवर दिसत नाही. ब्राँकोस्कोपीत डाव्या खालच्या लोबच्या तोंडाशी फुगलेलं, भोवती मांस वाढलेलं एक खांड निघालं, चण्याच्या डाळीएवढं.

मुलांना मी उत्तर कसं द्यायचं तेही म्हणवून घेतलं. सुरुवात फिल्मपासून: पीए फिल्म, दर्जा पुरेसा. मग काय दिसतंय आणि कुठे. नाव सगळ्यात शेवटी. लातूरचा मुलगा उभा राहून म्हणाला, "हृदयामागे त्रिकोणी सावली, डाव्या पडद्याचा आतला भाग आणि महाधमनीची कड दिसत नाही, डावा हायलम खाली. डाव्या खालच्या लोबचा कोलॅप्स. शिवाय उजवीकडे वर जुना फायब्रोसिस." तो 'शिवाय' ऐकून मला बरं वाटलं. तोंडी परीक्षेत "कारण काय असेल?" असा पुढचा प्रश्न हमखास येतो. तिथे गाठ आधी सांगायची, सुपारी नंतर.

शेवटी त्याच माणसाची तिसरी फिल्म लावली, सुपारी काढल्यानंतर सहा आठवड्यांनी काढलेली. उजवीकडच्या दोऱ्या होत्या तशाच. हृदयामागची तिरकी रेघ गेलेली, डावा हायलम पुन्हा वर सरकलेला. मागे बसलेली अंबाजोगाईची मुलगी उठून जवळ आली आणि डाव्या पडद्यावरून बोट फिरवत फिरवत मणक्यापर्यंत गेली.